स्क्रीनशॉटमधला स्टीलच्या तारेचा सम: उत्तर बरोब्बर 40 पटीनं का चुकलं

प्रश्न: सर, ग्रुपवर आलेल्या स्क्रीनशॉटमधला 12 नंबरचा सम आहे, स्टीलच्या तारेचा. माझं एक्स्टेन्शन 0.0244 mm येतंय आणि एनर्जी 0.478, आणि खाली उत्तर भलतंच दिलंय. फॉर्म्युला बरोबर आहे, पुस्तकात बघितला. युनिट्स सगळी वेगवेगळी आहेत. कुठं गंडतंय ते पूर्ण सोडवून दाखवाल का? (अकरावी सायन्स, तासगाव)

उत्तर: फॉर्म्युला बरोबरच आहे तुझा, गुणाकार-भागाकारही बरोबर आहेत. एक्स्टेन्शनमध्ये दोन ठिकाणी गडबड आहे, एक डायमीटरची आणि एक डाइनची, आणि एनर्जीत त्यावर अजून एक चढलीय. तुझी वही न बघता हे कसं कळलं ते पुढं येईलच, पण आधी स्क्रीनशॉट वाचू, कारण निम्मा घोळ तिथंच आहे.

माझी एक सवय आहे, क्लासलाही मी हेच करून घेतो, की फोटोकडं बघत बघत सम सोडवायचा नाही. आधी तो स्वतःच्या हातानं कागदावर उतरवायचा, जसा दिसतोय तसाच, काही दुरुस्त न करता. तुझ्या फोटोत मला हे दिसतंय:

```
12. A steel wire of length 250 cm and diameter 0.8 mm
    is stretched by a load of 4 kg. If Y = 2 x 1012 dyne/cm2,
    find the extension in mm and the energy stored in erg.
    Ans: 0.975 mm, 1.91 x 105 erg
```

आता बघ, हे उतरवलं की लगेच तीन गोष्टी डोळ्यात येतात ज्या मोबाईलवर झूम करून वाचताना निसटून जातात. पहिली म्हणजे "2 x 1012". हे दोन गुणिले एक हजार बारा नाहीये. कुणीतरी टाईप करताना किंवा फोटोतनं टेक्स्ट कॉपी करताना वरची पॉवर खाली सपाट झालीय, आणि त्याच झटक्यात cm² चं cm2 झालंय. एकाच ओळीत cm2 दिसतंय म्हणजे त्या पानावरच्या सगळ्याच पॉवर सपाट झाल्यात असं समजायचं. तरी नुसत्या अंदाजावर सोडू नको, स्टीलचा यंग्ज मोड्युलस साधारण 2 × 10¹¹ N/m² असतो हे तुला पुस्तकातल्या टेबलवरनं माहिती आहे, त्याचं डाइनमध्ये रूपांतर केलं की 2 × 10¹² येतं (कसं ते खाली दाखवतो), म्हणजे बसलं. Y तू बरोबर 10¹² धरलायस हे तुझ्या उत्तरावरनं दिसतंय. पण खालच्या उत्तरातलं "1.91 x 105" पण त्याच जातीचं आहे, ते 10⁵ आहे. 105 धरून गुणलंस तर 200.55 अर्ग येतात आणि मग त्याच्याशी आपलं उत्तर जुळवत बसण्यात अख्खी संध्याकाळ जाईल.

दुसरी गोष्ट, g कुठंच नाहीये. स्क्रीनशॉट काढताना वरचा भाग कापला गेलाय, असल्या सरावाच्या पानांवर एकदा वरच लिहिलेलं असतं की सगळ्या समांना g = 9.8 m/s² घ्या. नसेल दिसत तर काय करायचं? उत्तर दिलेलं आहे ना, त्यालाच विचारायचं. g = 10 घेतला तर एक्स्टेन्शन 0.995 mm येतं, 9.8 घेतला तर 0.975. उत्तर 0.975 आहे म्हणजे 9.8 च घेतलाय, विषय संपला.

तिसरी, आणि ही जरा मजेशीर आहे. डायमीटरचा आकडा. तुझ्या फोटोत तो 8 आहे की 3 की 6 हे मला नीट दिसत नव्हतं, व्हॉट्सॲपवर चार ग्रुप फिरून आलेल्या फोटोत असं होतंच, गोल असलेले आकडे सगळे एकसारखे दिसायला लागतात. इथं फिजिक्स थोडी मदत करतं. समजा तो 0.3 mm आहे. मग तारेचं क्षेत्रफळ येतं 7.07 × 10⁻⁸ m², त्यावर 39.2 न्यूटनचा भार, म्हणजे स्ट्रेस साधारण 5.5 × 10⁸ N/m². पुस्तकातल्या साध्या स्टीलचा यील्ड स्ट्रेस 2.5 × 10⁸ च्या आसपास आणि तुटायचा स्ट्रेस 4 × 10⁸ च्या आसपास असतो, म्हणजे ही तार भार लावल्यावर तुटूनच गेली असती, तिचं एक्स्टेन्शन कोण विचारतंय. (काही खास स्टीलच्या तारा याहून जास्त सोसतात, पण सम काढणारा त्या भानगडीत पडत नाही.) म्हणून 3 बाद. पण 6 मात्र या चाळणीतनं सुटतो, 0.6 mm ला स्ट्रेस 1.39 × 10⁸ येतो, तो चालण्यासारखा आहे. तिथं परत दिलेल्या उत्तराकडंच जावं लागतं: 0.6 नं एक्स्टेन्शन 1.73 mm येतं, 0.8 नं 0.975. म्हणजे 8. पण उत्तर दिलेलं नसतं तर मी सरळ सांगितलं असतं की मूळ पीडीएफ मागव, अंदाज करू नको.

आता युनिट्स. या समात लांबी सेंटीमीटरमध्ये, डायमीटर मिलीमीटरमध्ये, भार किलोग्रॅममध्ये, Y डाइनमध्ये, आणि उत्तर एकदा मिलीमीटरमध्ये आणि एकदा अर्गमध्ये मागितलंय. मुद्दाम त्रास द्यायला केल्यासारखं वाटतं, आणि थोडं आहेही, पण थोडं खरंही आहे. तारेची जाडी प्रयोगशाळेत आपण स्क्रू गेजनं मोजतो, ती मिलीमीटरमध्येच येते, आणि स्क्रू गेज डायमीटरच देतो, रेडियस कुठलंच उपकरण थेट देत नाही. तुमच्या तासगावात द्राक्षबागेच्या मांडवाला तार घ्यायला गेलं तरी दुकानदार गेज सांगतो तो डायमीटरचाच, 12 गेजची तार म्हणजे साधारण 2.64 mm डायमीटर. म्हणून समातही जवळजवळ नेहमी डायमीटर येतो आणि फॉर्म्युल्यात मात्र πr² असतो, आणि तिथंच निम्मी पोरं पडतात.

नियम एकच, फॉर्म्युल्याला हात लावायच्या आधी प्रत्येक राशी एकाच सिस्टीममध्ये आणायची. आपण एस.आय. घेऊ. आणि रूपांतर करताना आकडा बदलून टाकायचा नाही, पॉवर शेजारी जोडायची, म्हणजे काय केलं ते डोळ्याला दिसत राहतं:

```
L = 250 cm  = 250 × 10⁻² m = 2.5 m
d = 0.8 mm  = 0.8 × 10⁻³ m
r = d/2     = 0.4 × 10⁻³ m = 4 × 10⁻⁴ m
F = mg      = 4 × 9.8 = 39.2 N
```

रेडियसची ओळ वेगळी लिहिलीय ते बघ. "डायमीटर दिलाय, फॉर्म्युल्यात अर्धा करू" असं मनात ठेवलं की ते मनातच राहतं. वेगळी ओळ लिही, खाली रेघ मार, मगच पुढं जा.

आणि मिलीमीटरचे मीटर क्षेत्रफळ काढायच्या आधी करायचे, नंतर नाही. नंतर केलं तर काय होतं, πr² = 3.142 × 0.16 = 0.503 mm² येतं आणि मग हात आपोआप 10⁻³ नं गुणतो, कारण मिली म्हणजे 10⁻³ हे डोक्यात बसलेलं. पण 1 mm² म्हणजे 10⁻⁶ m², लांबीचा आणि रुंदीचा दोन्ही मिली मोजायचे. इथं चुकलं की उत्तर 1000 पटीनं उडतं. तू ही चूक केलेली नाहीस, पण तुझ्या ग्रुपवर कुणाचं तरी 10⁻⁷ मीटरच्या घरातलं उत्तर आलं असेल तर ते यामुळंच.

आता Y. इथं घाई करू नको, दोन पायऱ्या आहेत, वरची डाइन आणि खालचा cm²:

```
1 dyne = 10⁻⁵ N
1 cm²  = 10⁻⁴ m²

1 dyne/cm² = 10⁻⁵ / 10⁻⁴ = 10⁻¹ N/m²

Y = 2 × 10¹² × 10⁻¹ = 2 × 10¹¹ N/m²
```

म्हणजे डाइन पर सेंटीमीटर स्क्वेअरचा आकडा नेहमी 10 पट मोठा दिसतो, न्यूटनमध्ये आणताना 10 नं भागायचा. बरीच मुलं 10⁻⁵ नं गुणून मोकळी होतात, खालचा cm² विसरतात, आणि मग Y एकदम 2 × 10⁷ होतो, तो तर रबराच्या जवळपासचा आकडा झाला. स्टील म्हटलं की 10¹¹, हे एवढं पाठ असू दे, बाकी काही पाठ नको.

आता सरळ घालू:

```
ΔL = F L / (A Y)

A  = πr² = 3.142 × (4 × 10⁻⁴)²
         = 3.142 × 16 × 10⁻⁸
         = 5.027 × 10⁻⁷ m²

ΔL = (39.2 × 2.5) / (5.027 × 10⁻⁷ × 2 × 10¹¹)
   = 98 / (1.005 × 10⁵)
   = 9.75 × 10⁻⁴ m
   = 0.975 mm
```

बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबल, तर शेवटचा भागाकार तसा करून दाखवतो. log 98 = 1.9912, आणि log (1.005 × 10⁵) = 5.0022. वजाबाकी केली की बार 4 पॉइंट 9890, अँटीलॉग 9.750 × 10⁻⁴. इथं बार 4 म्हणजे वजा 4 अधिक 0.9890, वजा 4.9890 नव्हे, एवढं सांभाळ.

एनर्जीला फॉर्म्युला अर्धा गुणिले भार गुणिले एक्स्टेन्शन. तू 39.2 ला 0.0244 नं गुणून अर्धं केलंस, 0.478 आलं, आणि पुढं युनिटच लिहिलं नाहीस. न्यूटन गुणिले मिलीमीटर केलंय ते, त्याला ज्यूल म्हणता येत नाही आणि अर्ग तर नाहीच. एक्स्टेन्शन मीटरमध्येच घालायचं, mm मध्ये फक्त उत्तर लिहायचं:

```
U = ½ F ΔL
  = ½ × 39.2 × 9.75 × 10⁻⁴
  = 1.91 × 10⁻² J

1 J = 10⁷ erg
U = 1.91 × 10⁻² × 10⁷ = 1.91 × 10⁵ erg
```

आता तुझं उत्तर कुठं फसलं ते. अशा वेळी वही पानं उलटून तपासत बसण्याआधी मी एक करतो, दिलेलं उत्तर भागिले आपलं उत्तर. 0.975 भागिले 0.0244, येतात 40. आता 40 हा आकडा बोलतो. युनिटच्या चुका कधी 1.37 पट किंवा 6.2 पट होत नाहीत, त्या ठरलेल्या पटीतच होतात. डायमीटरलाच रेडियस धरलं की क्षेत्रफळ 4 पट होतं आणि उत्तर 4 पटीनं कमी येतं. डाइन पर cm² ला तसंच N/m² समजून घातलं की 10 पटीनं कमी. चार दाहे चाळीस. म्हणजे तू r च्या जागी 0.8 × 10⁻³ घातलायस आणि Y च्या जागी 2 × 10¹², बाकी सगळं नीट. करून बघ, 98 भागिले 4.02 × 10⁶, बरोब्बर 2.44 × 10⁻⁵ मीटर येतात, तेच तुझे 0.0244 mm.

इथं एक फसवा जोडीदार आहे. g नं गुणायचं विसरलं, म्हणजे भार 39.2 च्या ऐवजी नुसता 4 घातला, तर उत्तर 9.8 पटीनं कमी येतं, आणि 9.8 आणि 10 शेजारी शेजारीच आहेत. म्हणजे डाइनची चूक आणि g ची चूक लांबनं सारखीच दिसते: एकीत 0.0975 mm, दुसरीत 0.0995 mm. तू डायमीटर आणि g अशी जोडी चुकली असतीस तर 0.0249 आलं असतं. तुझं 0.0244 आहे म्हणून मी ठाम सांगू शकलो की g तू घातलायस आणि डाइन राहिलीय. 0.024 असं दोनच आकड्यात लिहून पाठवलं असतंस तरी चाललं असतं, पण काठावर होतं, कुणी 0.02 लिहून पाठवलं तर मग काहीच सांगता येत नाही. म्हणून मधली उत्तरं तीन-चार आकड्यांपर्यंत ठेवत जा. आणि g = 10 चा सम असेल तर ही युक्ती इथं साफ आंधळी होते, तेव्हा भार लिहिलेली ओळच बघावी लागते.

एनर्जीचंही तसंच तपास. 1.91 × 10⁵ भागिले 0.478, येतात साधारण 4 × 10⁵. त्यातले 40 एक्स्टेन्शनमधनंच आले. उरले 10⁴. अर्ग केले नाहीस म्हणून 10⁷ कमी पडले, पण mm तसेच घातलेस म्हणून 10³ जास्त आले, 10⁷ भागिले 10³ म्हणजे 10⁴. हिशेब पुरा झाला, याच्या पलीकडं तुझ्या वहीत काही लपलेलं नाही.

आता तू म्हणशील सगळं सी.जी.एस. मध्येच केलं असतं तर? चांगला प्रश्न आहे, आणि या समात तर ते सोपंच पडतं, कारण Y डाइनमध्ये दिलाय आणि एनर्जी अर्गमध्ये मागितलीय, म्हणजे हा सम मुळात जुन्या सी.जी.एस. वळणाचाच आहे. बघ:

```
r = 0.04 cm,  A = 5.027 × 10⁻³ cm²
F = 4000 × 980 = 3.92 × 10⁶ dyne

ΔL = (3.92 × 10⁶ × 250) / (5.027 × 10⁻³ × 2 × 10¹²)
   = 0.0975 cm = 0.975 mm

U  = ½ × 3.92 × 10⁶ × 0.0975 = 1.91 × 10⁵ erg
```

Y ला हातच लावावा लागला नाही आणि अर्ग थेट आले. तरी मी परीक्षेत एस.आय. च धरायला सांगतो, कारण इथं किलोचे ग्रॅम आणि 9.8 चे 980 ही दोन रूपांतरं नवीन आली आणि पोरं 980 विसरून 9.8 च घालतात, मग उत्तर 100 पटीनं कमी. पण घरी सराव करताना एक सम दोन्ही सिस्टीममध्ये करून बघायला काही हरकत नाही, दोन्हीकडनं तेच आलं म्हणजे रूपांतरात चूक राहिलेली नाही. दोन सिस्टीम एकाच फॉर्म्युल्यात मात्र कधी मिसळायच्या नाहीत, तुझी डाइनची चूक म्हणजे दुसरं काय होतं, वर न्यूटन आणि खाली डाइन.

उत्तर आल्यावर एक शेवटची नजर टाकायची ती स्ट्रेनवर. 0.975 mm भागिले 2500 mm, साधारण 3.9 × 10⁻⁴, म्हणजे दहा हजारात चार भाग. धातूच्या तारेला इलॅस्टिक लिमिटच्या आत हे पटण्यासारखं आहे. स्ट्रेसही 7.8 × 10⁷ येतो, यील्डच्या एक तृतीयांशाच्याही आत. स्ट्रेन 0.1 किंवा 2 वगैरे आला तर समजायचं कुठंतरी मिली किंवा सेंटी राहिलंय, स्टीलची तार 10 टक्के ताणून परत जागेवर येत नाही. पण तुझी चूक या नजरेत सापडली नसती हेही सांगतो, 0.0244 mm ला स्ट्रेन 10⁻⁵ येतो, तो लहान आहे पण अशक्य नाही. खूप मोठं चुकलेलं यातनं दिसतं, 40 पटीनं लहान झालेलं दिसतंच असं नाही. तिथं वरच्या रूपांतराच्या ओळीच कामाला येतात.

फोटोच्या खालच्या कडेला 13 नंबरची अर्धी ओळ दिसतेय, त्यात तांब्याची तार आहे आणि Y चा आकडा कापला गेलाय. तो सम करायचा असेल तर तांब्याचा Y पुस्तकातल्या टेबलमधनं परस्पर घेऊ नको, कारण समात 1.1 घेतलाय की 1.2 यावर उत्तर जवळजवळ 9 टक्क्यांनी हलतं. ज्यानं पहिल्यांदा ग्रुपवर टाकलं त्याच्याकडनं मूळ पीडीएफ मागव, फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग.